कलिंगडाचा रस : पाणी किती, साखर किती

कलिंगडाच्या १०० ग्रॅम लाल गरात सुमारे ९१ ग्रॅम पाणी असते. उरलेल्या ९ ग्रॅमपैकी ६ ग्रॅमहून थोडी जास्त साखर असते आणि चोथा, म्हणजे तंतुमय भाग, अर्धा ग्रॅमही भरत नाही. विदर्भ-मराठवाड्यात टरबूज म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या फळाचे सगळे गुण आणि सगळ्या मर्यादा या आकड्यांतच आहेत. उन्हाळ्यात त्याचा रस तहान भागवतो, व्यायामानंतर आंबलेले अंग मोकळे करतो, त्यातले सिट्रुलिन रक्तवाहिन्यांना आणि लायकोपीन हृदयाला चांगले, असे सांगितले जाते. मधुमेह असलेल्यांना मात्र कोणी तो बेधडक प्या म्हणते, तर कोणी फळाला हातही लावू नका म्हणते. यातले किती खरे, हे रस किती प्यायला यावर ठरते. म्हणून आधी एक माप ठरवून घेणे बरे.

अर्धा लिटरचा ग्लास

हे माप अर्ध्या लिटरचे धरू. रसवंतीतला मोठा ग्लास साधारण एवढा असतो आणि स्नायूंच्या दुखण्यावरचे प्रयोगही याच मापाने झाले आहेत. इतका रस निघायला अर्धा किलोहून थोडा जास्त गर लागतो. साल धरली तर जवळजवळ एक किलोचे कलिंगड एका ग्लासात उतरते.

वर साखर, सरबत, दूध काहीही न घालता या ग्लासात सुमारे ३१ ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचे सात-आठ चमचे. एकूण कर्बोदके ३८ ग्रॅमच्या आसपास आणि ऊर्जा दीडशे कॅलरी. पोटॅशियम साडेपाचशे मिलिग्रॅमच्या जवळपास, तर सोडियम जेमतेम ५ मिलिग्रॅम. सिट्रुलिन एक ते सव्वा ग्रॅम आणि लायकोपीन २० मिलिग्रॅमच्या पुढेमागे. फळाची जात, पिकण्याची अवस्था आणि हंगाम यांनुसार हे आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण त्यांचे एकमेकांशी असलेले प्रमाण फारसे बदलत नाही. पुढचा सगळा विचार याच ग्लासाचा आहे.

तहान, घाम आणि मीठ

उन्हातून आलेल्या माणसाची तहान कलिंगडाने भागते याबद्दल शंका नाही. त्यातले पाणी शरीराला साध्या पाण्यासारखेच उपयोगी पडते. मात्र घामातून केवळ पाणी जात नाही, मीठही जाते. कडक उन्हात कष्टाचे काम किंवा धावणे चालू असेल तर तासाला लिटरभर घाम सहज जाऊ शकतो आणि त्या लिटरबरोबर ढोबळमानाने एक ग्रॅमच्या घरात सोडियम निघून जाते. माणसामाणसात यात मोठा फरक असतो. ज्यांच्या गडद रंगाच्या कपड्यांवर घाम वाळल्यावर मिठाचे पांढरे चट्टे उमटतात, त्यांचे मीठ अधिक जाते असे समजावे.

अर्ध्या लिटर रसातले ५ मिलिग्रॅम सोडियम या गरजेपुढे नसल्यासारखेच आहे. रसात पोटॅशियम भरपूर असते हे खरे, पण घामातून पोटॅशियम कमी आणि सोडियम जास्त जाते. जे गेले ते आणि जे मिळते ते यांचा मेळ इथे बसत नाही.

याचा अर्थ रस पिऊ नये असा नाही. दुपारी शेतातून आलेला माणूस रसाबरोबर भाकरी, आमटी, लोणचे किंवा ठेचा खातो, तेव्हा मिठाची भरपाई जेवणातून होऊन जाते. अडचण येते ती तासन्‌तास घाम गाळत, काही न खाता फक्त पाणी किंवा रसच पीत राहिल्यावर. अशा वेळी रक्तातले सोडियम पातळ होऊ शकते. डोके दुखणे, मळमळणे, चालताना तोल जाणे, बोलण्यात गोंधळ होणे ही त्याची चिन्हे आहेत. ही चिन्हे उष्माघाताशी मिळतीजुळती असल्यामुळे अशा माणसाला आणखी पाणी पाजत बसू नये, लगेच डॉक्टरकडे न्यावे.

तास-दीड तासापेक्षा लांबलेल्या श्रमासाठी रसच वापरायचा असेल, तर एक भाग रस आणि एक भाग पाणी असे मिश्रण करून त्याच्या अर्ध्या लिटरमागे चहाच्या चमच्याचा आठवा भाग मीठ घालावे. त्यातून अडीचशे मिलिग्रॅमच्या वर सोडियम मिळते आणि साखरही निम्म्यावर येते. उच्च रक्तदाबाच्या रुग्णांनी मात्र हे वरचे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

जुलाब झाले असताना कलिंगडाचा रस देणे ही चूक आहे आणि तिचे कारण समजून घेण्यासारखे आहे. आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज हे दोघे जोडीने आत शिरतात आणि आपल्यामागे पाणी ओढून नेतात. जीवनरक्षक क्षारसंजीवनी, म्हणजे ओआरएस, याच जोडीवर आधारलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेल्या सूत्रात एका लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि सुमारे १७०० मिलिग्रॅम सोडियम असते. एक लिटर कलिंगडाच्या रसात ६० ग्रॅमच्या वर साखर आणि फक्त १० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असते. जोडीतला एक जवळजवळ गैरहजर आणि दुसरा गरजेपेक्षा कितीतरी जास्त. शिवाय या साखरेतला मोठा वाटा फ्रुक्टोजचा असतो. फ्रुक्टोज आतड्यातून ठरावीक मर्यादेपर्यंतच शोषले जाते. उरलेले पुढे मोठ्या आतड्यात जाऊन आंबते, पाणी ओढते, वायू धरते आणि जुलाब वाढवते. निरोगी माणसालाही एका दमात खूप कलिंगड खाल्ल्यावर पोट फुगल्यासारखे होते किंवा शौचाला पातळ होते, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

आंबलेले अंग आणि सिट्रुलिन

पहिल्यांदाच सिंहगड चढून उतरलेल्या माणसाला त्या दिवशी फारसे काही होत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना मात्र मांड्या बोलू लागतात. आपण त्याला अंग आंबले म्हणतो. हे दुखणे साधारण २४ ते ७२ तासांत शिगेला पोहोचते आणि मग आपोआप ओसरते. स्नायूंत साठलेल्या लॅक्टिक आम्लामुळे ते होते असा समज अजूनही पसरलेला आहे, पण श्रम थांबल्यावर रक्तातले लॅक्टेट तासाभरात पूर्वपदावर येते. दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याचा दोष त्याला देता येत नाही. खरे कारण म्हणजे सवय नसलेल्या श्रमात स्नायूंच्या धाग्यांना झालेली बारीक इजा आणि तिच्या दुरुस्तीसाठी आलेली सूज. गड चढताना दम लागतो, पण उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचे वजन पेलत असतो, म्हणून इजा उतरताना जास्त होते.

या दुखण्याशी कलिंगडाचे नाव जोडले गेले ते सिट्रुलिन या अमायनो आम्लामुळे. १९१४ साली जपानमध्ये कोगा आणि ओदाके यांनी ते कलिंगडाच्या रसातून वेगळे केले आणि १९३० साली वादा यांनी त्याची रचना नक्की केली. कलिंगडाच्या शास्त्रीय प्रजातीनामातला ‘सिट्रुलस’ हा शब्दच त्याच्या नावात उतरला आहे. सिट्रुलिन पोटातून रक्तात गेले की मूत्रपिंडे त्याचे आर्जिनिन या दुसऱ्या अमायनो आम्लात रूपांतर करतात. आर्जिनिनपासून शरीर नायट्रिक ऑक्साइड तयार करते आणि त्याने रक्तवाहिन्यांच्या भिंती सैलावतात. थेट आर्जिनिन खाल्ले तर त्याचा बराच भाग आतडे आणि यकृत वाटेतच वापरून टाकतात. सिट्रुलिन मात्र यकृतातून न अडता पुढे जाते, म्हणून रक्तातले आर्जिनिन वाढवायला तेच अधिक उपयोगी ठरते. अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात तीन आठवडे रोज कलिंगडाचा रस पिणाऱ्यांच्या रक्तातले आर्जिनिन वाढले. रोज ७८० ग्रॅम रसाने १२ टक्के आणि १५६० ग्रॅम रसाने २२ टक्के. म्हणजे फळातले सिट्रुलिन शरीराला खरोखर मिळते, एवढे नक्की.

दुखण्यावर त्याचा परिणाम होतो का, हे स्पेनमधल्या कार्ताहेना येथील संशोधकांनी पाहिले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात सात खेळाडूंना व्यायामाआधी अर्धा लिटर पेय दिले गेले. एकदा साधा कलिंगडाचा रस, ज्यात १.१७ ग्रॅम सिट्रुलिन होते. एकदा वरून सिट्रुलिन मिसळून एकूण ६ ग्रॅम केलेला रस. आणि एकदा सिट्रुलिन नसलेले पेय. दोन्ही रसांनी दुसऱ्या दिवशीचे दुखणे कमी झाले. साधा रस वरून सिट्रुलिन घातलेल्या रसाच्या बरोबरीने उतरला, हे त्यातले लक्षवेधी. त्याच संशोधनात प्रयोगशाळेतल्या आतड्याच्या पेशींवर असेही दिसले की न तापवलेल्या रसातले सिट्रुलिन अधिक चांगले शोषले जाते.

हा निकाल आशादायक आहे, पण सात माणसांचा आहे. दुखणे मोजायला काटा नसतो. माणूस स्वतःच किती दुखते ते आकड्यात सांगतो आणि आपण लाल, गोड रस प्यायलो आहोत हे त्याला चवीवरून कळू शकते. नंतर अर्धमॅरेथॉन धावणाऱ्यांवर सिट्रुलिन वाढवलेल्या रसाचा प्रयोग झाला आणि त्यांनीही शर्यतीनंतरचे दुखणे कमी असल्याचे सांगितले. दुसऱ्या बाजूला, दोन आठवडे रोज जवळपास एक लिटर कलिंगडाचा गर घेतलेल्या सायकलपटूंची ७५ किलोमीटरच्या शर्यतीतली कामगिरी सुधारली नाही आणि श्रमानंतरची सूजही कमी झाली नाही. सिट्रुलिनच्या भुकटीवरच्या वेगवेगळ्या प्रयोगांचा एकत्रित विचार केला असता पहिल्या एक-दोन दिवसांच्या दुखण्यात थोडा आराम दिसतो आणि तिसऱ्या दिवशी तो फरक उरत नाही. हे प्रयोग बहुतेक ६ ते ८ ग्रॅमच्या मात्रेचे आहेत.

इथे पुन्हा ग्लासाकडे यावे लागते. एका ग्लासात एक ते सव्वा ग्रॅम सिट्रुलिन, तर ६ ग्रॅमसाठी पाच ग्लास, म्हणजे अडीच लिटर रस. त्याबरोबर येणारी साखर १५५ ते १६० ग्रॅम, चहाचे चाळीस चमचे. एवढा रस कोणी पिऊ नये. एका ग्लासाने थोडा आराम मिळाला तर तो स्वीकारावा, पण अधिक आरामासाठी ग्लास वाढवत जाण्यात अर्थ नाही. लघवी गडद तपकिरी होणे, एकच अंग खूप सुजणे, चार-पाच दिवसांनीही वेदना न हटणे ही साध्या आंबलेपणाची लक्षणे नव्हेत. त्यांवर रसाचा प्रयोग करत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे.

सालीबद्दलही एक गैरसमज आहे. लाल गरापेक्षा सालीच्या पांढऱ्या भागात सिट्रुलिन जास्त असते, असे सर्रास सांगितले जाते. त्यामागचे मोजमाप वाळवलेल्या सालीचे आहे. वाळवून तुलना केली तर सालीत खरोखरच जास्त भरते, कारण गरातल्या वजनाचा मोठा वाटा साखर अडवून बसलेली असते. ताज्या वजनावर मोजले तर मात्र गरात दर ग्रॅमला १.९ मिलिग्रॅम आणि सालीत १.३ मिलिग्रॅम, म्हणजे सालीत कमीच. तरीही सालीची भाजी करण्यात शहाणपण आहे. तिच्यात साखर नाममात्र असते आणि फेकून दिला जाणारा भाग पोटात जातो.

लायकोपीनचा लाल रंग

कलिंगडाचा लाल रंग लायकोपीनचा असतो. टोमॅटोचाही तोच. वजनाला वजन तोलले तर लाल कलिंगडात कच्च्या टोमॅटोपेक्षा अधिक लायकोपीन असते. अलीकडे बाजारात येणाऱ्या, आतून पिवळ्या कलिंगडात ते जवळजवळ नसतेच. म्हणून लायकोपीनचे सगळे बोलणे लाल गरापुरतेच समजावे. अख्खे फळ कापेपर्यंत फ्रिजमध्ये न ठेवता घरातल्या गार जागी ठेवले तर तोडणीनंतरही त्याचा रंग आणि लायकोपीन काही दिवस वाढू शकते. कापलेले फळ आणि काढलेला रस मात्र लगेच फ्रिजमध्ये ठेवावा आणि रस त्याच दिवशी संपवावा. गोड आणि आंबटपणा नसलेल्या रसात जंतू झपाट्याने वाढतात.

टोमॅटोतले लायकोपीन शिजवल्यावर चांगले शोषले जाते, कारण उष्णतेने पेशी फुटून ते मोकळे होते. कलिंगडाला ती गरज पडत नाही. रोज सुमारे २० मिलिग्रॅम लायकोपीन मिळेल इतका न तापवलेला कलिंगडाचा रस तीन आठवडे घेतलेल्यांच्या रक्तातले लायकोपीन, तापवलेला टोमॅटोचा रस घेतलेल्यांइतकेच वाढले. लायकोपीन तेला-तुपात विरघळणारे आहे, त्यामुळे रस जेवणाच्या आसपास घेतला तर ते अधिक अंगी लागते.

ते रक्तात पोहोचते, इथपर्यंत सगळे पक्के आहे. त्याने पुढे आजार टळतात का, हा वेगळा प्रश्न आहे. लायकोपीनयुक्त पदार्थ अधिक खाणाऱ्या लोकांत काही आजार कमी दिसले, पण असे लोक एकूणच भाज्या-फळे अधिक खातात, त्यामुळे श्रेय एकट्या लायकोपीनला देता येत नाही. लायकोपीन कर्करोगाचा धोका कमी करते असे वेष्टनावर लिहू द्यावे, ही मागणी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनासमोर आली होती. उपलब्ध पुरावा तपासून २००५ साली या संस्थेने लायकोपीनसाठी असा विश्वासार्ह पुरावा नसल्याचे सांगितले. कलिंगड लाल आहे म्हणून ते खाण्यात काहीच गैर नाही, पण ते औषध म्हणून कोणाला सुचवू नये. लायकोपीनचे शरीरात अ जीवनसत्त्व होत नाही, हेही लक्षात ठेवावे. कलिंगडातून मिळणारे थोडेफार अ जीवनसत्त्व त्यातल्या बीटा कॅरोटीनचे असते.

मधुमेह आणि एका ग्लासाचा हिशेब

कलिंगडाबद्दल मधुमेहींच्या मनात भीती बसली ती ग्लायसेमिक इंडेक्समुळे. एखादा पदार्थ रक्तातली साखर किती वेगाने चढवतो, याचा हा आकडा. शुद्ध ग्लुकोजला १०० धरले तर जुन्या तक्त्यांत कलिंगडाला ७२ दिलेला आहे, म्हणजे ‘जास्त’ या गटात. नंतरच्या मोजमापांत तो ५० च्या आसपासही आला आहे. पण हा आकडा काढताना माणसाला ५० ग्रॅम कर्बोदके मिळतील इतका पदार्थ खायला देतात. कलिंगडातून ५० ग्रॅम कर्बोदके मिळवायला साडेसहाशे ग्रॅम गर लागतो. जेवणानंतर एक वाटी फोडी खाणारा माणूस त्याच्या चौथा हिस्साही खात नाही.

म्हणून इंडेक्सबरोबर प्रमाणही मोजावे लागते. त्याला ग्लायसेमिक लोड म्हणतात. पोटात गेलेल्या कर्बोदकांचे ग्रॅम इंडेक्सने गुणायचे आणि शंभरने भागायचे. उत्तर १० च्या आत आले तर भार कमी, २० किंवा त्यावर गेले तर जास्त. एक वाटी, म्हणजे दीडशे ग्रॅम फोडींत ११ ग्रॅम कर्बोदके. ७२ ने गुणून शंभरने भागले की उत्तर ८. भार कमी. अर्धा लिटर रसात ३८ ग्रॅम कर्बोदके. तोच हिशेब केला की उत्तर २७. भार जास्त. इंडेक्स ५० धरला तरी १९ येतेच. फळ तेच, गोडी तीच, मात्र वाटीतले कलिंगड एका बाजूला आणि ग्लासातले दुसऱ्या बाजूला जाऊन बसते.

रस गाळल्याने चोथा जातो आणि म्हणून साखर वेगाने चढते, असे इतर फळांबद्दल सांगितले जाते. कलिंगडाच्या बाबतीत हे कारण फारसे लागू नाही. अर्धा किलो गरात चोथा असतोच मुळी दोन ग्रॅम. खरा फरक प्रमाणाचा आणि वेगाचा आहे. अर्धा किलो फोडी बिया काढत, चावत खायला पंधरा-वीस मिनिटे लागतात आणि अर्ध्या वाटेत पोट भरल्यासारखे वाटते. तेवढाच रस दोन मिनिटांत संपतो, द्रव असल्यामुळे जठरातून लवकर पुढे सरकतो आणि जेवणातली एक घासही भूक कमी झाल्यासारखी वाटत नाही. ३८ ग्रॅम कर्बोदके म्हणजे जवळजवळ दोन मध्यम पोळ्या. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या हे लक्षात राहते, रस प्यायला हे विसरायला होते.

बाहेरच्या ग्लासात आणखी भर पडते. दोन चमचे साखर म्हणजे आठ-दहा ग्रॅम, गुलाबाचे सरबत घातले की आणखी. बर्फाने गारवा वाढला की जिभेला गोडी कमी लागते, म्हणून विक्रेता साखर सढळ हाताने घालतो. गोडी चाखून साखरेचा अंदाज बांधणे त्यामुळे फसवे ठरते.

नेमके किती चालते, ते प्रत्येकाचे वेगळे असते आणि घरच्या ग्लुकोमीटरवर ते कळू शकते. समजा, पन्नाशीतल्या एका बाईंना गोळ्या चालू आहेत आणि दुपारी चार वाजता त्यांची साखर १३० आहे. त्यांनी दीडशे ग्रॅम फोडी वजन करून खाव्यात, मध्ये दुसरे काही खाऊ नये आणि एक तासाने व दोन तासांनी पुन्हा तपासावे. दुसऱ्या एखाद्या दिवशी, त्याच वेळी, सुरुवातीची साखर तेवढीच असताना, दीडशे मिलिलिटर रस घेऊन हेच करावे. फोडींनंतर आकडा १६० च्या आसपास राहिला आणि रसानंतर १८० च्या वर गेला, तर त्यांच्यासाठी उत्तर मिळाले. खाल्ल्यानंतरची साखर १८० च्या आत राहावी, हे अनेक मधुमेहींसाठी ठरवलेले उद्दिष्ट आहे. वय आणि इतर आजार पाहून डॉक्टर ते बदलू शकतात. ही तुलना मोठ्या ग्लासाने करून पाहू नये.

फोडी खायच्याच तर त्या जेवणातल्या अर्ध्या-पाऊण पोळीच्या बदल्यात खाव्यात, जेवणावर वरची भर म्हणून नव्हे. आंबा, केळे, चिकू यांच्याबरोबर एकाच वेळी खाऊ नयेत. रोज रस प्यायची सवय मधुमेहींनी लावून घेऊ नये.

दोन प्रसंगी विशेष सावध राहावे लागते. साखर खूप वाढलेली असताना ती लघवीवाटे जाऊ लागते, बरोबर पाणी ओढून नेते आणि घसा कोरडा पडतो. अशी तहान गोड रसाने भागवली की साखर आणखी वाढते, लघवी आणखी होते आणि तहानही वाढते. उन्हाळ्यात मधुमेहीला सारखी तहान लागत असेल आणि रात्री तीन-चारदा लघवीला उठावे लागत असेल, तर आधी साखर तपासावी आणि तहानेला साधे पाणी प्यावे. दुसरा प्रसंग मूत्रपिंडाच्या आजाराचा. मधुमेह जुना झाला की अनेकांची मूत्रपिंडे कमजोर होतात आणि पोटॅशियम बाहेर टाकणे त्यांना जमत नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही पोटॅशियम वाढते. अशांना एका ग्लासातले साडेपाचशे मिलिग्रॅम पोटॅशियम त्रासदायक ठरू शकते आणि त्याचा परिणाम थेट हृदयाच्या ठोक्यांवर होतो. त्यांनी कलिंगड किती खावे हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

याउलट, इन्सुलिन किंवा काही गोळ्यांमुळे साखर अचानक उतरली, हातपाय थरथरू लागले, दरदरून घाम फुटला, तर हाताशी असलेला कलिंगडाचा रस चालतो. दोनशे मिलिलिटर रसात १५ ग्रॅम कर्बोदके असतात. पण त्यातली बरीचशी साखर फ्रुक्टोज असल्याने आकडा सावकाश वर येतो. अशा वेळी तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यातून घेणे अधिक खात्रीचे, आणि पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासणे आवश्यक.

निरोगी माणसाने उन्हातून आल्यावर किंवा व्यायामानंतर एक ग्लास ताजा, साखर न घातलेला रस प्यायला तर पाणी मिळते, थोडे सिट्रुलिन आणि लायकोपीन मिळते आणि अंगदुखीला जरासा आराम पडण्याची शक्यताही असते. मीठ त्यात नसते, ते जेवणातून घ्यावे लागते. मधुमेहीने कलिंगड ग्लासातून पिऊ नये. वाटीतून, मोजून, चावून खावे.